बालवाटिकेचा पहिला दिवस: दारात काय बोलायचं

प्रश्न: बाई, बडोद्याच्या एका मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळेत मला यंदा बालवाटिका मिळाली आहे. माझी पहिलीच नोकरी. शाळा उघडेल त्या दिवशी तीसेक मुलं नवीन येतील. त्यांचं पहिलं स्वागत कसं करू? दोन-चार मिनिटांचं छोटं भाषण लिहून ठेवलंय, ते चालेल का?

उत्तर:

भाषण बाजूला ठेवा. पाच वर्षांच्या मुलाचं स्वागत दारातच करायचं आणि एकेकाचं करायचं. "मुलांनो" अशी हाक मारली की त्यात आपणही आलो, हे त्या वयाला पहिल्या दिवशी उमगत नाही. आजवर त्याच्याशी जो कुणी बोलला तो त्याच्याकडे बघून, त्याचं नाव घेऊन बोलला. अनोळखी खोलीत, अनोळखी मुलांच्या मध्ये बसवून समोरून कुणी मोठ्याने बोलायला लागलं तर ते बोलणं दुसऱ्या कुणासाठी आहे असंच त्याला वाटतं. सगळ्यांना मिळून दोन शब्द बोलायचे असतातच, पण नंतर. त्याआधी दारात प्रत्येकाला अर्धा-पाऊण मिनिट द्या. तेवढ्यात त्याचं नाव बरोबर घेतलं जावं, त्याची जागा त्याला कळावी आणि हातात काहीतरी काम यावं. यापलीकडे त्या अर्ध्या मिनिटात काही घालू नका.

तयारी आदल्या आठवड्यात सुरू होते, आणि सगळ्यात जास्त वेळ नावांना लागतो. आपल्याकडे गुजरातच्या रीतीने पटावर आधी आडनाव, मग मुलाचं नाव, मग वडिलांचं नाव आणि त्याला जोडलेलं 'भाई', अशी ओळ बरेचदा असते. समजा पटावर 'शिंदे दिव्यांशी महेशभाई' असं आहे. तुम्ही ते तसंच वाचलंत तर त्या मुलीने त्यातला एकही शब्द स्वतःला उद्देशून ऐकलेला नसण्याची शक्यता मोठी. घरी ती परी असेल, चिमी असेल, किंवा आजीने ठेवलेल्या तिसऱ्याच नावाने हाक येत असेल. मग ती ओ देत नाही, आणि आपण समजतो की मूल लाजरं आहे.

म्हणून प्रवेश अर्जावरच्या नंबरावर प्रत्येक घरी एक फोन करा. रोज पाच-सहा केले तर आठवड्यात होतात. विचारायचं इतकंच: घरी काय म्हणता, पहिल्या दिवशी सोडायला कोण येणार, आणि शू-शी लागली की मूल काय म्हणतं. शेवटचा प्रश्न पालकांना आधी विचित्र वाटतो, पण तो विचाराच. आपल्या मराठी घरांतली मुलं चाळीत, गल्लीत गुजराती मुलांबरोबर खेळतात, बरीचशी गुजराती आंगणवाडीतून आलेली असतात. कुणी 'एकी' म्हणेल, कुणी 'शू', कुणी नुसतं पोटाला हात लावेल. तुम्हाला ते ओळखता आलं नाही, तर पहिल्या दिवसाची सगळ्यात मोठी नामुष्की त्या मुलाच्या वाट्याला येते आणि दुसऱ्या दिवशी ते दारातूनच परत फिरतं. फोनवर आणखी एक फायदा होतो. आईशी तुमचं दोन मिनिटं मराठीत मोकळं बोलणं झालेलं असलं की ती पहिल्या दिवशी दारात घाबरीघुबरी नसते. मूल तुमच्याकडे बघायच्या आधी आईच्या चेहऱ्याकडे बघतं, हे लक्षात ठेवा.

नावांसाठी पुठ्ठ्याची कार्डं करा, गळ्यात घालायची किंवा पिनेने लावायची. वर घरचं नाव, खाली पटावरचं पहिलं नाव, दोन्ही मोठ्या अक्षरात, आणि बाजूला एक चित्र. मुलांना वाचता येत नाही, त्यामुळे त्यांच्यासाठी चित्र हेच नाव. पतंग, आंबा, छत्री, कमाटीबागेतली आगगाडी, पोपट, चप्पल, जे त्यांच्या डोळ्यांसमोरचं आहे ते. प्रत्येकाचं वेगळं. तेच चित्र पिशवी अडकवायच्या खुंटीवर आणि बसायच्या पट्ट्यावर चिकटवा. तीस मुलांची तीस चित्रं तीन-तीन वेळा काढायला एक संध्याकाळ जाते. जाऊ द्या. दारात "ही पतंग तुझी, आत जाऊन दुसरी पतंग शोध बरं" असं म्हणता आलं की नाव, जागा आणि काम तिन्ही एका वाक्यात येतात. मूल आईचा हात सोडून आत का जातं? काहीतरी शोधायला जातं. "आत जा, बस" म्हटल्यावर त्याला आत जायचं कारण मिळत नाही.

आता वेळेचा हिशोब. तीस मुलांना अर्धा मिनिट म्हणजे पंधरा मिनिटं, आणि रडणारी पाच-सहा धरली तर पंचवीस. पण मुलं येतात ती सगळी दहा मिनिटांत, एका लोंढ्यात. दाराशी गर्दी झाली की मागची मुलं पुढच्यांचं रडणं बघत उभी राहतात आणि त्यांची पाळी येईपर्यंत त्यांनाही हुंदका फुटतो. यावर एकच खात्रीचा उपाय: आचार्यांना आधी भेटून मुलांना दोन तुकड्यांत बोलवा. अर्धी मुलं नेहमीच्या वेळेला, अर्धी पाऊण तासाने. फोन करतानाच प्रत्येक घराला त्यांची वेळ सांगायची. जमलं तर पहिल्या दिवशी बालवाटिकेला मोठ्यांच्या प्रार्थनेच्या रांगेतूनही सुटका मागा. जूनचं ऊन, माईकची शिट्टी आणि शेकडो मोठी मुलं हे सगळं पहिल्याच अर्ध्या तासात नको. बहुतेक आचार्य ऐकतात. आदल्या दिवशी न सांगता आठवडाभर आधी सांगायला हवं, एवढंच.

दारात तुम्ही कशा उभ्या राहता यावर बरंच अवलंबून असतं. उभ्या राहूच नका. उंबऱ्याच्या आत एका बाजूला ठेंगण्या स्टुलावर बसा किंवा गुडघे टेका, म्हणजे तुमचे डोळे मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर येतील. दार अडवून समोरासमोर बसू नका, जरा तिरक्या बसा. घाबरलेल्या मुलाला समोरून रोखलेली नजर सोसत नाही. आधी तुमचं नाव सांगा, मग त्याचं घ्या. "मी वर्षाबाई. तू परी ना? तुझी वाट बघत होते." बस. इथे "नाव काय तुझं?" हा प्रश्न अजिबात नको. आपल्याला वाटतं तो सोपा प्रश्न आहे, पण दारातल्या मुलासाठी ती परीक्षा असते. त्याला बोलावं लागतं, आणि मागे उभी असलेली आई लगेच म्हणते, "सांग ना बाईंना, घरी तर पोपटासारखा बोलतोस." त्या वाक्यानंतर ते मूल हमखास तोंड उघडत नाही. नाव तुम्हाला ठाऊक आहेच, तुम्हीच घ्या.

हात लावायचा की नाही ते मुलावर सोडा. तुम्ही तळहात पुढे करून ठेवा. ज्याला टाळी द्यायची तो देईल, नमस्कार करणारा करेल, काहीच न करणाऱ्याला मान हलवून आत सोडा. हल्ली काही शाळांत दारावर तक्ता लावतात: मिठी, टाळी, नाच, नमस्कार, आणि मुलाने बोट ठेवून निवडायचं. वर्ग रुळल्यावर, दिवाळीच्या सुट्टीनंतर वगैरे, तो खेळ छान चालतो. पहिल्या दिवशी नको. ज्याला अजून आईचा पदर सोडायचाय त्याच्यापुढे चार पर्याय ठेवले की तो गोंधळतो, आणि अनोळखी बाईला मिठी मारायची वेळ त्याच्यावर कशाला आणायची?

पिशवीला हात लावू नका. आपण मदत म्हणून पटकन दप्तर काढून घेतो, आणि तिथेच मूल रडू लागतं. ती पिशवी घरून आलेली एकुलती एक ओळखीची वस्तू असते. ती पाठीवर ठेवूनच काही मुलं दोन तास बसतात. बसू द्या. उलट, वर्गातलं कोण अजून आलेलं नाही, हे ओळखायची सगळ्यात सोपी खूण तीच: ज्याने पिशवी काढली नाही तो शरीराने आत आणि मनाने दाराशी आहे.

सोडायला आलेल्या माणसाने जायचं कसं, यावर दरवर्षी वाद होतात. घरचे सांगतात, "त्याचं लक्ष नसताना आम्ही हळूच सटकतो." तसं होऊ देऊ नका. मूल पाच मिनिटांनी वळून बघतं, आई नाही, आणि मग त्याला पुढचे आठ दिवस दर मिनिटाला वळून बघावं लागतं. निरोप घेऊनच जायचं, पण तो निरोप छोटा असावा. आईने सांगावं, "मी जाते. खिचडी खाऊन झाली, खेळून झालं की मी गेटपाशी." घड्याळातली वेळ मुलाला कळत नाही, दिवसातली कामं कळतात. आणि जे सांगितलं ते पाळायचंच. सुटायच्या वेळेच्या पाच मिनिटं आधी गेटवर कुणीतरी दिसलं पाहिजे, हे फोनवरच ठासून सांगा. निरोप झाला की परत वळून "रडतोय का बघते" नको. मूल रडत असेल तर ते तुमच्याकडे सोपवून जायचं. आई दिसेनाशी झाल्यावर बहुतेक मुलं दहा-पंधरा मिनिटांत शांत होतात. ती खिडकीतून डोकावत राहिली तर तासभर होत नाहीत. एखाद्याचं काही केल्या थांबतच नसेल, उलटी होईपर्यंत रडत असेल, तर त्या मुलाच्या आजीला किंवा आईला सरळ वर्गात एका कोपऱ्यात बसवा. मुलाशी खेळायला मात्र नको. तिने मटार सोलावेत, वाती वळाव्यात, स्वतःच्या कामात असावं. दुसऱ्या दिवशी अर्धा वेळ, तिसऱ्या दिवशी फक्त दारापर्यंत.

एक प्रसंग जरा सविस्तर सांगते, कारण यात बहुतेक गोष्टी आल्या. वाडी भागातून एक मुलगा आजोबांबरोबर आला होता. फोनवर कळलं होतं की आईवडील दोघेही सकाळीच कामावर जातात, घरी आजोबांशी मराठी, गल्लीत गुजराती, आणि घरचं नाव बाळू. दारात आला तो आजोबांच्या पायजम्यामागे, हातात पाण्याच्या बाटलीचं निळं झाकण घट्ट धरलेलं. बाटली आजोबांच्या पिशवीत होती. मी नाव घेतलं, त्याने तोंड फिरवलं. आजोबांनी त्याला पुढे ढकलायला सुरुवात केली, तेव्हा त्यांना खुणेने थांबवलं आणि मुलाशी बोलणं सोडून झाकणाबद्दल बोलले. "हे झाकण कुठल्या बाटलीचं असेल बरं? लाल बाटलीचं नसणार." तो काही बोलला नाही, पण त्याने आजोबांच्या पिशवीकडे बघितलं. तेवढं पुरे. मी आजोबांना म्हटलं, "बाटली त्याच्याकडे द्या." त्याने झाकण लावलं, नीट आटे बसेपर्यंत फिरवलं. मग त्याला छत्रीचं कार्ड दाखवलं आणि विचारलं, "छत्रीच्या खुंटीला बाटली लावायची, की पट्ट्यावर जवळ ठेवायची?" दोन्हीपैकी काहीही केलं तरी तो आतच जाणार होता. त्याने बाटली छातीशी धरली आणि पट्ट्याकडे चालू लागला. आजोबा मागे आले, छत्रीचं चित्र त्यांनीच आधी बघितलं आणि बोट दाखवणार होते, त्यांना थांबवलं. त्याचं त्याला सापडू दिलं. मग आजोबा म्हणाले, "खिचडीनंतर येतो रे बाळू," आणि गेले. तो रडला नाही.

पण बोललाही नाही. हजेरीच्या वेळी नाही, गाण्याला नाही, खाताना नाही. त्यासाठी मी पहिल्या आठवड्यात हजेरीची रीतच अशी ठेवते की तोंडाने "हजर" म्हणायची गरज पडू नये. प्रत्येकाने आपलं चित्राचं कार्ड उचलून फळ्याखालच्या दोरीला चिमट्याने लावायचं. मी बघून पटावर खूण करते आणि ऑनलाइन हजेरी मुलं खेळात रमल्यावर भरते. बाळूने रोज छत्री लावली, चिमटा दाबायला त्याला आवडायचं. दुसऱ्या आठवड्यात शेजारच्या मुलाने त्याचा चिमटा घेतला तेव्हा तो चक्क गुजरातीत ओरडला, "ए, ए मारो छे!" मी त्यावर काही केलं नाही. "अरे वा, बाळू बोलला!" असं वर्गासमोर म्हटलं की ते मूल परत मिटतं. शेजारच्याला चिमटा परत करायला सांगितला आणि पुढे गेले.

असं गप्प मूल तुमच्याही वर्गात येईल, तेव्हा घाई करून निष्कर्ष काढू नका. घरी बोलणारी आणि शाळेत अजिबात न बोलणारी काही मुलं असतात. तज्ज्ञ ज्याला सिलेक्टिव्ह म्युटिझम म्हणतात, त्यातही शाळेचा पहिला महिना धरत नाहीत, आणि भाषा नवी असल्याने आलेलं गप्पपणही त्यात मोजत नाहीत. महिनाभराच्या पुढे गेलं, खेळतानाही मुलांशी चकार शब्द नाही, असं दिसलं तर घरच्यांशी बोला आणि मुलांच्या डॉक्टरांना दाखवायला सांगा. कानांची शंका मात्र पहिल्याच आठवड्यात घ्या. मूल दुसरीकडे बघत असताना मागून, त्याला तुमचं तोंड दिसणार नाही असं, घरच्या नावाने हाक मारा. पुन्हा दुसऱ्या दिवशी. दोन-तीनदा वळलंच नाही आणि समोरून बोललं की तुमच्या ओठांकडे एकटक बघत असेल, तर शाळा आरोग्य तपासणीची वाट न बघता पालकांना कान तपासून घ्यायला सांगा. लाजरा म्हणून वर्ष काढलेल्या मुलाला ऐकूच कमी येत होतं, असं पुढे निघतं, आणि ते वर्ष भरून येत नाही.

सगळी मुलं आत आली, बहुतेकांच्या हातात काहीतरी आहे, मग सगळ्यांशी मिळून बोलायचं. हातात द्यायला माती, रिकाम्या पेट्या, मोठे मणी, जे शाळेत आहे ते चालेल; कागद-पेन्सिल नको, तिथे लगेच "मला येत नाही" सुरू होतं. गोल करून बसा, तुम्हीही खालीच. तुमचं लिहिलेलं भाषण मी वाचलेलं नाही, पण मी काय बोलते ते सांगते, साधारण असंच: "मी तुमची बाई. हा आपला वर्ग. तुमची चित्रं भिंतीवर आहेत, ती तुमची जागा. पाणी तिथे, माठात. शू आली की मी बोलत असले तरी मध्येच सांगायचं, मी रागवणार नाही. मला न सांगता या दाराबाहेर जायचं नाही. आधी आपण खेळू, मग खिचडी खाऊ, मग घरचे येतील." झालं. यात एकच नियम आहे, दाराबाहेर न जाण्याचा, कारण तो सुरक्षेचा आहे. रांगेत चाला, हात धुवा, मस्ती करू नका, हे बाकीचे नियम ज्या त्या वेळी करून दाखवत शिकवायचे असतात. पहिल्या बोलण्यात सात नियम घातलेत तर एकही राहत नाही, आणि मुलाच्या मनात बाईंचा आवाज रागावण्याशी जोडला जातो.

बोलून झाल्यावर लगेच उठा आणि सगळ्यांना घेऊन शौचालय दाखवायला जा. नुसतं बोट दाखवू नका. दार कसं लोटायचं, कडी आतून लावायची नाही, नळ कुठे, ते प्रत्येकाने करून बघायचं. घरी मोरीची किंवा कमोडची सवय असलेली मुलं शाळेतल्या बैठ्या भांड्याला घाबरतात आणि दिवसभर धरून ठेवतात. मोठ्या मुलांची मधली सुट्टी व्हायच्या आत हे उरका.

एकेकाला उभं करून नाव सांगायला लावणं, मोठेपणी कोण होणार विचारणं, गाणं म्हणून दाखव म्हणणं, हे पहिल्या दिवशी टाळा. जी तीन-चार मुलं धीट असतात ती सगळा वेळ घेतात आणि उरलेल्यांना आपली पाळी जवळ येते आहे एवढंच ऐकू येत राहतं. त्याऐवजी गोष्ट सांगा. भावनगरला १९२० मध्ये बालमंदिर काढणारे गिजुभाई बधेका, ज्यांच्याबरोबर आपल्या ताराबाई मोडकांनी तिथे काम केलं, त्यांच्या 'दिवास्वप्न'मधला मास्तर पहिल्या दिवशी शांततेचा खेळ ठरवून जातो. खेळ साफ फसतो, वर्ग गोंगाटाने दणाणतो आणि त्याला मुलांना सोडून द्यावं लागतं. पुढे तो गोष्ट सांगायला बसतो तेव्हा कुठे वर्ग त्याच्या हातात येतो. ती मुलं चौथीची होती, आपली त्याहून कितीतरी लहान. त्यांच्याकडून पहिल्या तासाला डोळे मिटून हाताची घडी मागणं तर आणखीच चुकीचं. गोष्ट पाच मिनिटांची घ्या, जिच्यात आवाज पुन्हा पुन्हा येतो अशी. मांजर, कावळा, रिक्षा, पाऊस. मुलं आवाज काढतात, आणि ज्याला नाव सांगायला जमत नाही तोही "काव काव" करतो. बोलण्याची सुरुवात तिथून होऊ द्या. भाषेचं म्हणाल तर तुम्ही मराठीच बोला, स्वच्छ आणि सावकाश. पण मूल गुजरातीत उत्तर देईल तर ते उत्तर मानून पुढे जा. "मराठीत बोल" हे पहिल्या दिवशी तोंडातून येता कामा नये.

तुम्ही प्रवेशोत्सवाचं विचारलं नाहीत, पण तो येणारच आहे. अनेकदा शाळा उघडते त्यानंतर काही दिवसांनी तो असतो. पाहुणे, माईक, कुंकवाचा टिळा, दप्तराचं वाटप, फोटो. तो समारंभ शाळेचा आणि गावाचा आहे, मुलांशी आपली ओळख त्याआधी झालेली असली पाहिजे. शाळा उघडण्याच्या दिवशीच तो आला तर मात्र आचार्यांना विनंती करा की मुलं आधी वर्गात येऊन, कार्डं घालून, पाणी पिऊन मगच मांडवात जातील, आणि तिथे तुम्ही त्यांच्यात खाली बसाल. टिळा लावायची पाळी आली तर लावणाऱ्याला सांगा की बोट हळू आणि कपाळाच्या वर. पाच वर्षांचं मूल अनोळखी हात डोळ्यांजवळ आला की झटकन मान वळवतं आणि कुंकू डोळ्यात जातं. फुगे वर्गात नकोत. एक फुटला की दहा मुलं दचकतात. दारावर आंब्याच्या पानांचं तोरण बांधा, ते पुष्कळ झालं.

दिवस बरा गेला की नाही हे रडण्यावरून ठरवू नका. रडणारं मूल सगळ्यांच्या लक्षात असतं, सगळे त्याला घेतात, तीन-चार दिवसांत ते स्थिरावतं. दुपारी स्वतःला विचारा: पाणी कोण प्यायलं नाही? खिचडीला हात कुणी लावला नाही? शूला कोण एकदाही गेलं नाही? ही तीन नावं बहुतेक वेळा त्याच मुलांची निघतात जी दिवसभर शहाण्यासारखी गप्प बसली आणि ज्यांच्याबद्दल तुम्ही आईला "काही त्रास नाही दिला हो" असं सांगणार होतात. उद्या दारात त्यांना जरा जास्त वेळ द्यायचा, आणि पहिला पाण्याचा पेला त्यांच्याबरोबर तुम्ही प्यायचा. एका वहीत प्रत्येक मुलापुढे एकच ओळ लिहून ठेवा, जी उद्या दारात वापरता येईल. 'पिवळी चप्पल नवी.' 'घरी कोंबडी आहे.' 'आत्या सोडायला आली.' दुसऱ्या दिवशीचं स्वागत या ओळीने होतं. "कोंबडीने आज अंडं दिलं का?" असं विचारलं की मूल चकित होऊन बघतं आणि कालपेक्षा लवकर आत शिरतं.

आणखी एक. आपल्याकडे २०२३-२४ पासून पहिलीला सहा वर्षं पूर्ण लागतात, त्यामुळे तुमच्याकडे येणारी ही मुलं पाचची आहेत. त्यातली काही जूनमध्ये येणारच नाहीत. कुणी गावाला गेलेलं असतं, कुणाच्या घरी कागदपत्रं अपुरी असतात. जुलै उजाडेपर्यंत एकेक येत राहतात. त्यांच्या वाट्याला दारातलं स्वागत येत नाही, कारण तोवर वर्ग चालू झालेला असतो आणि आपण धड्यात असतो. म्हणून सहा-सात कोरी कार्डं, चित्रं काढलेली पण नावाची जागा मोकळी, टेबलाच्या खणात ठेवा. नवीन मूल आलं की वर्गाला दोन मिनिटं मण्यांवर बसवा, स्टूल दाराशी न्या आणि त्याचंही तसंच सगळं करा. मग आधी रुळलेल्या एका मुलाला बरोबर देऊन त्याची खुंटी शोधायला पाठवा. यासाठी बाळूसारखं गप्प मूल निवडा. त्याला बोलावं लागत नाही, नुसतं दाखवायचं असतं, आणि ते काम तो मन लावून करतो.